उत्तर द्यावं, हिशेब देऊ नये

लग्नसराई जवळ आली की दोन सल्ले हमखास फिरू लागतात. पहिला मोबाइलवरून येतो. ‘लग्न कधी?’ विचारणाऱ्या काकूंना, ‘पॅकेज किती?’ विचारणाऱ्या काकांना कोणतं सणसणीत उत्तर द्यावं, याच्या याद्याच त्यात असतात. लग्नात ‘आता तुझा नंबर’ म्हणणाऱ्या म्हाताऱ्या नातेवाइकाला पुढच्या दहाव्याला हेच वाक्य ऐकवावं, हा त्यातला सगळ्यांत जुना विनोद. दुसरा सल्ला घरातूनच मिळतो. मोठी माणसं आहेत, मायेपोटी विचारतात, सांगून टाकावं, मनाला लावून घेऊ नये. हे दोन्ही सल्ले परस्परविरोधी दिसतात, पण दोघांच्या मुळाशी एकच समजूत आहे. प्रश्न विचारला म्हणजे माहिती मागितली, असं दोघंही धरून चालतात. एकजण म्हणतो, देऊ नका आणि समोरच्याचं तोंडही बंद करा. दुसरा म्हणतो, देऊन मोकळे व्हा. माझा वाद या समजुतीशीच आहे. समारंभातल्या अशा प्रश्नात दोन मागण्या एकत्र आलेल्या असतात. एक, माझ्या नात्याची दखल घे. दुसरी, तुझ्या आयुष्याची माहिती दे. पहिली मागणी धुडकावणं हा उद्धटपणा आहे. दुसरी न पुरवणं हा उद्धटपणा नाही. या दोन मागण्या वेगळ्या करता आल्या, तर न दुखावता आणि न सांगता उत्तर देणं वाटतं तितकं अवघड राहत नाही.

पहिल्या मागणीबद्दल मानववंशशास्त्रात शंभर वर्षांपूर्वीच नीट लिहून ठेवलं गेलं आहे. ब्रॉनिस्लॉ मॅलिनोव्स्की याने ट्रोब्रियांड बेटांवरच्या आपल्या निरीक्षणांच्या आधारे 1923 साली एक निबंध प्रसिद्ध केला. माणसं जे बोलतात त्यातलं बरंचसं काही कळवण्यासाठी नसतंच, ते नुसता संबंध जुळवण्यासाठी असतं, हा त्यातला एक महत्त्वाचा मुद्दा. ‘कुठं निघालात?’ असं वाटेत विचारणाऱ्याला आपल्या कामाचा तपशील नको असतो. ‘जेवलीस का?’ विचारणारी आजी ताटात काय काय होतं याची नोंद करत नसते. आपल्याकडच्या लग्नाच्या हॉलमध्ये हे फार स्पष्ट दिसतं. तीन-चार वर्षांनी भेटलेल्या आत्येजवळ आणि भाचीजवळ बोलायला सामायिक असं काही उरलेलं नसतं. भाची पुण्यात कोणत्या प्रकारचं काम करते हे आत्येला कळत नाही, आणि आत्येचं रोजचं जग भाचीला ठाऊक नाही. दोघींना ठाऊक असलेल्या आयुष्याच्या ठरलेल्या पायऱ्या तेवढ्या उरतात. शिक्षण, नोकरी, लग्न, मूल, घर. त्यातली कोणती आली नि कोणती राहिली एवढंच आत्या विचारू शकते, म्हणून ती तेच विचारते. प्रश्न आगाऊ असतो, पण अनेकदा तो आगाऊपणापेक्षा बोलण्याच्या विषयांच्या दुष्काळातून आलेला असतो.

पण मॅलिनोव्स्कीवर भिस्त ठेवून हे सगळे प्रश्न निरुपद्रवी ठरवणाऱ्यांशीही मला सहमत होता येत नाही. मराठी घरांमध्ये लग्नाचा प्रश्न नुसता हवापाण्याचा प्रश्न नाही. ठरवून होणारी लग्नं आजही नातेवाइकांच्या ओळखीतून, वधूवर सूचक मंडळांतून, हातोहात फिरणाऱ्या बायोडाटांतून जुळतात. ‘मुलगी अजून व्हायची आहे’ ही माहिती या व्यवहारात खरोखर उपयोगी पडते. ती गोळा करणारी आणि पुढे पोचवणारी माणसं प्रत्येक कुळात असतात. तिच्याबरोबर बाकीचा मजकूरही प्रवास करतो. मुलगी नाही म्हणते, तिच्या अपेक्षा फार आहेत, तिला पगार मुलापेक्षा जास्त आहे, अंगानं जरा सुटली आहे. एका मुंजीत सहज म्हणून सांगितलेलं वाक्य दोन महिन्यांनी तिसऱ्याच गावातून, आकार बदलून, आईच्या फोनवर परत येतं. त्यामुळे ‘सांगून टाक, काय बिघडतं’ म्हणणाऱ्यांना एवढंच उत्तर पुरेसं आहे की बिघडतं. सांगितलेली गोष्ट सांगणाऱ्याची राहत नाही, आणि समारंभात ती एका माणसाला सांगता येत नाही. तिथे पंगतीतली शेजारची चार माणसं नेहमीच ऐकत असतात.

या ओढाताणीचा विचार भाषाशास्त्रातही झाला आहे. पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन यांनी सभ्यतेविषयीचा आपला सिद्धान्त मांडताना इंग्रजीच्या जोडीला मेक्सिकोतली त्सेल्टाल भाषा आणि आपल्याच देशातल्या तमिळनाडूतली बोली तमिळ अभ्यासली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: प्रत्येक माणसाला दोन प्रकारचा मान हवा असतो. आपल्याला आपलं म्हणावं, हा एक. आपल्या वाटेत कुणी आडवं येऊ नये, हा दुसरा. विचारणारी आत्या पहिला मान मागत असते. जिला विचारलं तिला दुसरा मान राखायचा असतो. हे नीट पाहिलं तर दोघींची मागणी एकाच वस्तूवर नाही, म्हणून एकीला मिळालं तर दुसरीचं गेलं असा हा हिशेब नाही. आत्येला आपलेपणा पुरेपूर द्यायचा आणि वाट मात्र मोकळी ठेवायची, असं उत्तर रचता येतं. सणसणीत उत्तरवाले वाट राखतात आणि आपलेपणा नाकारतात. सांगून टाकणारे आपलेपणा देतात आणि वाटही देऊन बसतात.

आता एक प्रसंग रचून पाहू. सांगलीत मुंज आहे, भाची बत्तीस वर्षांची, पुण्याहून आलेली. बटूची भिक्षावळ आटोपली आहे, पंगत बसायची आहे. खुर्च्यांच्या रांगेतून आत्या विचारते, “काय गं, आम्हाला लाडू कधी देणार?” भाची क्षणभर थांबते, कसनुसं हसते आणि म्हणते, “अगं आत्या, सध्या कामाचं फारच चाललंय.” इथे ती फसली. “लग्नानंतर काय काम करत नाहीत का बायका? आमची सून बघ, दोन पोरं सांभाळून बँकेत जाते.” मग भाची दुसरं कारण काढते, मनासारखं कुणी भेटत नाही. “म्हणजे तुझ्या अपेक्षा तरी काय आहेत?” आता मागच्या रांगेतले काकाही वळून बसतात. उंची, पगार, गाव, पुण्यातलं घर, एकेक अपेक्षा चर्चेला येते आणि प्रत्येकीवर मतदान होतं. पाचव्या मिनिटाला भाचीचा आवाज चढतो आणि आत्या दुखावते. या सगळ्यात आत्येनं वाईट हेतूनं एकही शब्द उच्चारलेला नाही. ती फक्त भाचीनं पुढे केलेल्या प्रत्येक कारणाचं निवारण करत गेली. कारण सांगितलं की ऐकणाऱ्याला ते खोडण्याचा अधिकार आपोआप मिळतो, आणि मोठ्या माणसांना तर ते खोडणं हे कर्तव्यच वाटतं. म्हणून अशा प्रश्नांच्या उत्तरातली मुख्य चूक उद्धटपणा नसते, स्पष्टीकरण असतं. उद्धटपणा नंतर येतो, स्पष्टीकरणं संपली की.

तोच प्रसंग पुन्हा मांडू. “काय गं, आम्हाला लाडू कधी देणार?” भाची लगेच, हसून, आत्येकडे वळून म्हणते, “ठरलं की पहिला फोन तुलाच, आत्या. तुझा गुडघा कसा आहे आता? जिने चढवतात का?” तीन छोटी वाक्यं, पण त्यात बरंच काम झालं. नात्याचा शब्द उच्चारला गेला. ‘पहिला फोन तुलाच’ म्हणताना आत्येला तिची जागा मिळाली. कारण एकही दिलं नाही, म्हणून खोडायला काही उरलं नाही. आणि बोलणं आत्येच्या अशा विषयाकडे गेलं की ज्यावर तिला खरंच दहा मिनिटं बोलायचं आहे. हा प्रश्न नावापुरता असून चालत नाही. ‘बाकी काय म्हणता?’ म्हटलं तर आत्या ‘बाकी तुझंच सांग’ म्हणून परत जागेवर येते. गुडघा, नातवाची दहावी, गावाकडच्या घराची वाटणी, असं काही तिचं नेमकं माहीत असावं लागतं. समारंभाला निघण्याआधी कोण कोण भेटणार आहे आणि कुणाच्या घरात सध्या काय चाललं आहे, हे आईला विचारून घेणं हीच यातली खरी तयारी. उत्तराचा वेगही महत्त्वाचा आहे. 2009 साली दहा भाषांमधल्या संभाषणांचा एक तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतचा वेळ सरासरी सेकंदाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास निघाला, आणि नकाराची उत्तरं होकारापेक्षा उशिरा येतात असंही दिसलं. म्हणजे रेंगाळलेलं उत्तर ऐकणाऱ्याला कुठेतरी अडचण आहे असं सुचवतं, मग शब्द कितीही गोड असोत. वाक्य घरूनच ठरवून न्यायचं ते यासाठी.

एक पथ्य मात्र पाळायला हवं. ‘ठरलं की कळवीन’ हे उत्तर ज्याला लग्न करायचं आहे किंवा निदान दार बंद केलेलं नाही, त्याचं आहे. ज्याला करायचंच नाही त्याने ते वापरलं, तर ते खोटं ठरतं. शिवाय पुढच्या गणपतीत तोच प्रश्न व्याजासकट येतो, कारण आशा आपणच लावलेली असते. अशा माणसाचं वाक्य निराळं: “माझा तसा विचार नाही, आत्या.” यापुढे ‘का?’ येणारच, आणि उत्तर पुन्हा तेच, त्याच शब्दांत: “नाही गं, विचारच नाही तसा.” शब्द बदलले की ऐकणाऱ्याला नवं काही हाती लागल्यासारखं वाटतं. तेच वाक्य तिसऱ्यांदा, तितक्याच शांतपणे आलं की बहुतेक माणसं विषय सोडतात, कारण पुढे सरकायला जागा राहत नाही. याला आणखी एक आधार लागतो, तो आईवडिलांचा. मुलीला जे मिळालं नाही ते मिळवायला आत्या तिच्या आईकडे जाते, आणि “मुलगी ऐकतच नाही हो आमचं” हे आईचं एक वाक्य सगळी मेहनत धुऊन काढतं. घरातून निघताना तिघांनी एकच वाक्य ठरवून घेतलं तर हे टळतं. आईला ते पटलेलं असलंच पाहिजे असं नाही, समारंभापुरतं तिने ते म्हटलं तरी भागतं.

वजनाच्या बाबतीत तर प्रश्नच नसतो, शेरा असतो. “किती सुटलास रे!” किंवा “पार वाळलीस गं, खात नाहीस का काही?” इथे मायेचा बचाव सगळ्यांत जोरात केला जातो, आणि त्यात थोडं तथ्यही आहे. ज्या पिढीनं 1972 चा दुष्काळ पाहिला, सुकडी खाल्ली, खडी फोडायला गेलेली माणसं पाहिली, तिच्या नजरेला अंगावरचं मांस म्हणजे घरचं बरं चाललं आहे याची खूण वाटत असेल, तर त्यात नवल नाही. मात्र आताचा शेरा बहुतेक वेळा उलट्या दिशेनं येतो, आणि ‘आम्ही सांगितलं तरच तो मनावर घेईल’ अशी पुस्ती त्याला जोडलेली असते. हे म्हणणं तपासून पाहिलं गेलं आहे. इंग्लंडमध्ये पन्नाशीच्या पुढच्या सुमारे तीन हजार लोकांच्या चार वर्षांच्या नोंदींवरून 2014 साली एक निष्कर्ष प्रसिद्ध झाला. वजनावरून आपल्याला वाईट वागणूक मिळते असं ज्यांनी सांगितलं, त्यांचं वजन सरासरी जवळपास एक किलोनं वाढलं. ज्यांनी तसं सांगितलं नाही, त्यांचं थोडं कमी झालं. अशा अभ्यासातून कार्यकारण शंभर टक्के सिद्ध होत नाही, आणि आत्येचा शेरा म्हणजे भेदभाव नव्हे, हेही मान्य. पण बोलून बोलून वजन उतरतं या समजुतीला यात कुठलाच आधार नाही. उत्तरापुरतं म्हणाल तर इथे सगळ्यांत चांगलं चालतं ते निखळ मान्य करणं: “हो, वाढलंय खरं. मावशी, तू वाढप्यांना बासुंदीचं सांगितलंस का?” थायरॉइडचा उच्चार करायचा नाही, डाएटचा नाही, जिमचा तर नाहीच. थायरॉइड म्हटलं की कुणाच्या तरी वहिनीला गुण आलेला काढा येतो, आणि मग पंगत संपेपर्यंत सुटका नाही.

पगाराबद्दल थोडक्यात सांगता येईल, कारण तिथे दोन निरनिराळे विचारणारे असतात आणि ते ओळखले की काम झालं. एक मामेभाऊ, जो याच क्षेत्रात नोकरी शोधतो आहे. त्याला आकड्याचा उपयोग आहे. त्याला बाजूला घेऊन किंवा नंतर फोनवर खरा आकडा सांगावा. हातात किती येतात आणि कंपनी सांगते त्या वार्षिक पॅकेजमध्ये भविष्यनिर्वाह निधीचा कंपनीचा वाटा, ग्रॅच्युइटी वगैरे धरून किती फुगवलेलं असतं, हेही सांगावं. दुसरे काका, ज्यांना आकडा आपल्या मुलाच्या आकड्याशेजारी ठेवून पाहायचा आहे. त्यांना आकडा न सांगता उत्तर देता येतं: “काका, हप्ते वेळेवर जातात, वर थोडं राहतं. सुहासचं कुठे चाललंय आता, बंगलोरच की बदली झाली?” काकांना मुलाबद्दल बोलायला मिळतं, त्यांना तेच हवं होतं. ‘लपवण्यासारखं काय आहे त्यात?’ असं विचारणाऱ्यांनी नॉर्वेकडे पाहावं. तिथे लोकांच्या करविवरणातलं उत्पन्न 2001 पासून इंटरनेटवर कुणालाही सहज शोधता येऊ लागलं. त्यानंतर श्रीमंत आणि गरीब यांच्या आनंदातलं अंतर जवळपास 29 टक्क्यांनी रुंदावलं, असं रिकार्डो पेरेझ-ट्रुगलिया या अर्थतज्ज्ञाचा 2020 सालचा अभ्यास सांगतो. पगाराची पारदर्शकता कामाच्या ठिकाणी अन्याय उघड करायला उपयोगी पडू शकते, तिथे मी तिच्या बाजूने आहे. पंगतीत ती फक्त एकाला खाली बसवते आणि दुसऱ्याला वर.

यावर सणसणीत उत्तरवाल्यांचा आक्षेप असा असेल की हे सगळं फार बिचारेपणाचं आहे. प्रश्न विचारणाऱ्याने मर्यादा ओलांडली, मग सांभाळून घेण्याची मेहनत ज्याला विचारलं त्यानेच का करायची? आक्षेप न्यायाचा आहे, आणि न्यायाच्या पातळीवर मी तो मान्य करतो. पण समारंभ हे न्याय करण्याचं ठिकाण नाही, तिथे प्रेक्षक असतात. अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने 1955 च्या एका निबंधात चारचौघांत स्वतःची आणि दुसऱ्याची अब्रू राखण्यासाठी माणसं काय काय करतात याचं बारकाईनं वर्णन केलं आहे. त्यावरून पाहिलं तर चारचौघांत जो दुसऱ्याची अब्रू सांभाळत नाही, त्याच्यावरच सगळ्यांची नजर खिळते. मुंजीत ‘पुढच्या दहाव्याला विचारते’ म्हणणाऱ्या भाचीचं नेमकं हेच होतं. त्या क्षणापर्यंत गोष्ट आत्येच्या आगाऊपणाची होती, त्यानंतर ती भाचीच्या फटकळपणाची होते आणि वर्षानुवर्षं तशीच सांगितली जाते. आत्येनं काय विचारलं होतं हे कुणाच्या लक्षात राहत नाही. शिवाय त्याची किंमत भाची मोजत नाही, ती संध्याकाळच्या गाडीनं पुण्याला जाते. किंमत तिची आई मोजते, जिला याच नणंदेबरोबर पुढची वीस वर्षं काढायची आहेत.

दुसरा आक्षेप वेगळ्या बाजूने येतो. ही लबाडी आहे, विचारलेल्याचं सरळ उत्तर न देणं म्हणजे आपल्याच माणसांशी राजकारण. मला हे पटत नाही, कारण वरच्या कुठल्याच उत्तरात खोटं काही नाही. सगळं न सांगणं आणि खोटं सांगणं यांतला फरक मराठी घरांना चांगला कळतो. आत्येच्या मुलाची सोयरीक कशामुळे मोडली हे तिनं कुणाला सांगितलेलं नसतं आणि कुणी तिला त्याबद्दल लबाड म्हणत नाही. याच आक्षेपाची जरा वजनदार आवृत्ती अशी: नातेवाइकांना काही सांगायचंच नाही म्हटलं, तर स्थळं कशी यायची? इथे उत्तर इतकंच की ज्याला स्थळं हवी आहेत त्याने दोन माणसं निवडावीत, त्यांना घरी बोलवून बायोडाटा द्यावा आणि अपेक्षा मोकळेपणानं सांगाव्यात. ज्याला खरंच स्थळ सुचवायचं असतं तो माणूस हॉलमध्ये मोठ्यानं विचारत नाही, तो बाजूला घेतो, आणि ‘कधी करणार’ असं न विचारता ‘तुला कसं चालेल’ असं विचारतो. मदत आणि चौकशी ओळखण्याची याहून सोपी खूण मला तरी ठाऊक नाही.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत गंभीर वाटतो. हे सगळं घरच्या मुलीला नि मुलाला जमेल, सुनेला कसं जमणार? लग्नाला दोन वर्षं झाली की सासरच्या प्रत्येक कार्यात ‘गोड बातमी कधी?’ सुरू होतं, आणि विचारणारी चुलत सासू असते. ‘तुमच्या गुडघ्याचं काय?’ असा विषय सुनेनं वळवला, तर त्यालाच टाळाटाळ म्हणतात. त्यात गर्भपात झालेला असतो, उपचार चालू असतात, किंवा मूल नको असं ठरलेलं असतं, आणि यातलं काहीही हॉलमध्ये सांगण्यासारखं नसतं. इथे सुनेनं काय बोलावं याची चतुर वाक्यं शोधणं मुळातच चूक आहे, असं माझं मत आहे. ज्याचे नातेवाईक, त्याने बोलावं. नवऱ्यानं शेजारी उभं राहून, बायकोनं तोंड उघडायच्या आत, “काकू, ते आमचं आम्ही बघतोय, तुम्ही जेवायला चला” एवढं म्हटलं तर ते शोभतं, कारण पुतण्याला काकूशी असं बोलायचा हक्क जन्मानं मिळालेला आहे. सुनेला तो मिळवावा लागतो, आणि कित्येक घरांत कधीच मिळत नाही. माहेरच्या कार्यात जावयाला पगार विचारला गेला, तर याच न्यायानं मुलीनं पुढे व्हावं. नवरा मोबाइलमध्ये डोकं घालून बसला असेल, तर दोष काकूंच्या आधी त्याचा.

काही ठिकाणी ही सगळी मऊ भाषा बाजूला ठेवावी लागते. ‘मुलीला काय काय देणार?’ या प्रश्नामागे देण्याघेण्याची बोलणी असतील, तर विषय वळवायचा नाही. 1961 च्या कायद्यानं हुंडा मागणं हाही गुन्हा आहे, आणि “आम्ही देत नाही, घेत नाही” हे त्याचं मोठ्या आवाजातलं पूर्ण उत्तर आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलीला कुणी ‘ढोली’ म्हणालं, तर आईबापांनी तिच्यासमोरच थांबवावं, “तिला तसं म्हणू नका.” मुलीला विषय वळवायची कला शिकवत बसायचं ते वय नव्हे. आणि एखादी व्यक्ती दर कार्यात, तिसऱ्यांदा तेच वाक्य ऐकूनही थांबत नसेल, तर बोलणं समारंभाच्या बाहेर न्यावं. दोन-तीन दिवसांनी फोन करावा, आधी तब्येत विचारावी आणि मग एकट्यात सांगावं: “आत्या, लग्नाचं चारचौघांत विचारतेस तेव्हा मला बोलता येत नाही. तुला काळजी वाटते हे कळतं, पण आता विचारू नकोस.” प्रेक्षक नसल्यानं आत्येला माघार घेताना कमीपणा येत नाही, आणि बहुतेक आत्या ती घेतात. जी घेत नाही, तिच्या घरच्या कार्याला अक्षतांच्या वेळेला पोचावं, आहेर द्यावा, तिला वाकून नमस्कार करावा आणि पहिल्या पंगतीला जेवून निघावं.